शब्दसूची फुगली कुठून: एका शोध-इंडेक्सच्या अंदाजाचं प्रकरण

## पार्श्वभूमी

एका अभिलेखागाराच्या मोठ्या दस्तऐवज-संग्रहासाठी शोधयंत्रणा उभी करायची होती. अहवाल, नियतकालिकं, पत्रव्यवहार असं सगळं मिळून सुमारे ४०० कोटी टोकनं. टोकन म्हणजे मजकुरातला प्रत्येक शब्द, जितक्या वेळा येईल तितक्या वेळा मोजलेला. त्यातली ३०० कोटी टोकनं मुळात संगणकावरच टाइप झालेल्या मजकुरातली होती. उरलेली १०० कोटी जुन्या छापील पानांची होती, स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून घेतलेली. ओळख पटू नये म्हणून इथले आकडे गोल केले आहेत, पण त्यांचा आपसातला मेळ सांभाळला आहे.

यंत्रणेची रचना नेहमीच्या इन्व्हर्टेड इंडेक्सची. तिचे दोन भाग असतात आणि पुढचं सगळं प्रकरण या दोन भागांच्या फरकाभोवती फिरतं. पहिला भाग डिक्शनरी: संग्रहातल्या प्रत्येक वेगळ्या शब्दाची एकच नोंद. दुसरा भाग पोस्टिंग: तो शब्द कोणकोणत्या दस्तऐवजात, कितव्या जागी आला याची यादी. पोस्टिंग डिस्कवर राहतं. डिक्शनरी मात्र या टीमने रॅममध्ये ठेवायची ठरवली होती, कारण प्रत्येक शोधाची पहिली धडक तिच्यावरच बसते. शब्द, तो किती दस्तऐवजांत आला ती संख्या, पोस्टिंगचा पत्ता आणि हॅश टेबलचा वरखर्च धरून एका नोंदीला साधारण १०० बाइट लागत होते.

म्हणजे रॅम किती घ्यायची हा प्रश्न एकाच आकड्यावर येऊन थांबत होता: ४०० कोटी टोकनांमध्ये वेगळे शब्द किती निघतील?

## अंदाज कसा बांधला

हाताशी १० कोटी टोकनांचा नमुना होता. त्यात ६ लाख २८ हजार वेगळे शब्द निघाले होते. यावरून पुढचा आकडा काढताना टीममध्ये तीन मतं पडली, आणि तिन्ही मतं अशा कामात हमखास ऐकू येणारी आहेत.

पहिलं मत सरळ त्रैराशिकाचं. मजकूर ४० पट, तर शब्दही ४० पट, म्हणजे अडीच कोटी. दुसरं मत याच्या उलट: भाषेतले शब्द मोजकेच असतात, नमुन्यात बहुतेक सगळे येऊन गेले, आता फार तर दहा लाखांवर आलेख सपाट होईल. ऐकायला हे पटतं, पण इंडेक्सला कोशातले शब्द आणि इतर अक्षरगट यांतला फरक कळत नाही. माणसांची आणि गावांची नावं, फाइल क्रमांक, संक्षेप, टंकनाच्या चुका, प्रत्यय लागलेली रूपं या सगळ्यांना स्वतंत्र नोंद मिळते. 'घर', 'घरात', 'घराच्या', 'घरासमोरच्या' या त्याच्या लेखी चार नोंदी. हा ओघ कधी आटत नाही, त्याचा वेग फक्त मंदावत जातो.

तिसरं मत झिफच्या नियमाच्या आधाराने मांडलं गेलं. शब्दांना वारंवारतेच्या उतरत्या क्रमाने लावलं, तर दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, तिसरा एक तृतीयांश वेळा, शंभरावा शंभराव्या हिश्श्याइतका. जॉर्ज किंग्सली झिफ या अमेरिकन भाषाभ्यासकाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. त्याची यावरची मोठी पुस्तकं १९३५ आणि १९४९ मधली. झाँ-बातिस्त एस्तू या फ्रेंच लघुलेखकाने ही गोष्ट त्याही आधी टिपली होती. टीममधल्या एका अभियंत्याने हिशोब असा केला: सर्वांत दुर्मीळ शब्द एकदाच येतो असं धरलं, तर एकूण टोकनं म्हणजे `M * (ln M + 0.577)`, इथे `M` म्हणजे वेगळे शब्द. १० कोटी टोकनांसाठी हे समीकरण सोडवलं की `M` येतो सुमारे ६२ लाख. नमुन्यात प्रत्यक्ष मोजलेले शब्द मात्र सव्वासहा लाख. चूक थेट दहापटीची.

या चुकीपाशी थोडं थांबायला हवं, कारण गणित बरोबर होतं. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेतले की झिफच्या नियमाची सरळ रेषा होते; ती संपूर्ण यादीवर एकाच उताराने लागू पडते हे गृहीतक तेवढं चुकलं. मोठ्या संग्रहात वरच्या काही हजार शब्दांपर्यंत उतार साधारण १ असतो. त्याखाली, दुर्मीळ शब्दांच्या प्रदेशात, रेषा जास्त वेगाने खाली जाते. शब्दसंख्या ठरते ती या शेपटीवर. वरचे हजार शब्द नमुन्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेले असतात. पुढच्या वाढीबद्दल ते काहीही सांगत नाहीत. म्हणून झिफच्या यादीच्या वरच्या टोकाचा उतार घेऊन शेपटीचा अंदाज करायला गेलं की असं होतं.

शेवटी टीमने शब्दवाढ थेट मोजली. नमुन्यातले दस्तऐवज यादृच्छिक क्रमाने लावले, ते वाचत जाताना वेगळ्या शब्दांची संख्या टिपली आणि दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन आलेख काढला. रेषा जवळजवळ सरळ आली. हाच हीप्सचा नियम. हॅरॉल्ड स्टॅन्ली हीप्स याच्या १९७८ च्या माहिती-शोधावरील पुस्तकामुळे हे नाव पडलं. गुस्ताव हर्डन याने तो १९६० मध्येच मांडला होता, म्हणून काही जण दोघांचंही नाव घेतात.

```
M = k * T^b        (T = टोकनं, M = वेगळे शब्द)
k = 25, b = 0.55

T = 10^6       M ≈ 50,000
T = 10^7       M ≈ 1,77,000
T = 10^8       M ≈ 6,28,000
T = 4 * 10^9   M ≈ 47,80,000
```

`b` चा अर्थ लक्षात ठेवायला सोपा आहे. मजकूर दहापट झाला की शब्द `10^0.55`, म्हणजे सुमारे साडेतीन पट होतात. रॉयटर्सच्या बातम्यांच्या आरसीव्ही१ या प्रसिद्ध संग्रहावर `k` ४४ आणि `b` ०.४९ येतो, आणि पहिल्या दहा लाख टोकनांसाठी हे सूत्र ३८,३२३ शब्द सांगतं. प्रत्यक्षात ते ३८,३६५ आहेत. इतका चपखल मेळ पाहिला की सूत्रावर जरा जास्तच विश्वास बसतो. तो आकडा एकाच प्रकारच्या, एकाच वृत्तसंस्थेच्या मजकुराचा आहे, हे विसरायला होतं.

अंदाज ठरला: ४८ लाख शब्द, ४८० एमबी. टीमने दुपटीची मोकळीक ठेवून डिक्शनरीला १ जीबी दिली. त्या वेळी हातात जे होतं त्यावरून निर्णय वाजवी होता.

## अडचण

टाइप केलेली ३०० कोटी टोकनं आधी चढवली. डिक्शनरी ४१ लाखांवर थांबली. सूत्राने ४० लाख ८० हजार सांगितले होते. सगळे खूश. उरलेल्या १०० कोटी टोकनांतून सूत्रानुसार फक्त सात लाख नवे शब्द यायचे होते.

मग ओसीआरचा भाग सुरू झाला. त्यातली पहिली २० कोटी टोकनं चढेपर्यंत डिक्शनरी ८६ लाखांवर पोचली. सूत्राचा आकडा होता ४२ लाख. रॅमच्या दिलेल्या मर्यादेचा बहुतेक भाग संपला होता आणि ओसीआरचा चार पंचमांश मजकूर अजून रांगेत होता. काम थांबवलं गेलं.

त्याच दिवशी दोन उपाय सुचवले गेले. एक म्हणजे आणखी रॅम घेणे. दुसरा: 'आणि', 'हा', 'होता' असे अतिसामान्य शब्द इंडेक्समधून वगळणे, म्हणजे इंडेक्स हलका होईल. दुसरा उपाय अंमलात आणायला कुणी तरी सुरुवातही केली होती. आधी दुखणं कुठे आहे ते पाहू, असं म्हणून तो रोखला गेला, आणि या प्रकरणातला पहिला खरा निर्णय तोच.

## निदान

टीमने एकच गोष्ट मोजली: किती शब्द संपूर्ण संग्रहात फक्त एकदाच आले आहेत.

ही मोजणी का कामाची, ते सांगतो. हीप्सचं सूत्र खरं असेल तर पुढचं टोकन नवा शब्द असण्याची शक्यता म्हणजे त्या वक्राचा उतार, `b * M / T`. दुसरीकडे गुड-ट्युरिंग अंदाज सांगतो की हीच शक्यता म्हणजे एकदाच आलेल्या शब्दांची संख्या भागिले एकूण टोकनं. ही कल्पना अॅलन ट्युरिंगची, युद्धकाळातल्या सांकेतिक लिपी फोडण्याच्या कामातली, आय. जे. गुड याने ती १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही बाजू समान ठेवल्या की `T` उडून जातो आणि उरतं एवढंच: एकदाच आलेल्या शब्दांचा वाटा म्हणजेच `b`. वक्र काढावा लागत नाही, रेषा बसवावी लागत नाही. डिक्शनरी एकदा चाळली की पुढची वाढ किती वेगाने होणार ते कळतं. अट एकच, मोजलेला मजकूर एकजिनसी हवा.

म्हणून मोजणी दोन भागांत केली. टाइप केलेल्या भागात एकदाच आलेले शब्द ५५ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे आधी बसवलेल्या `b` ला पूरकच. ओसीआरच्या २० कोटी टोकनांचा हिशोब वेगळा काढला, तेव्हा त्यांत ५४ लाख वेगळे शब्द निघाले आणि त्यांतले ४३ लाख एकदाच आलेले. वाटा ८० टक्के. ४३ लाखांना २० कोटींनी भागलं की सुमारे २.१ टक्के येतात: ओसीआरच्या मजकुरात साधारण दर सेहेचाळिसावं टोकन नवं होतं. तेवढ्याच टाइप केलेल्या मजकुरात हे प्रमाण चारशेत एक इतकं पडतं.

कारण उघड होतं, पण त्याचा आकार कुणी मोजला नव्हता. ओसीआर शंभरातली ९८ अक्षरं बरोबर वाचत असेल, तर सहा अक्षरांचा शब्द अख्खा बरोबर येण्याची शक्यता `0.98^6`, म्हणजे सुमारे ८९ टक्के. म्हणजे जवळजवळ दर नववं टोकन बिघडलेलं. ९८ टक्के अचूकता कागदावर चांगली दिसते. पण बिघडलेला शब्द बहुधा कोणत्याही खऱ्या शब्दाशी जुळत नाही. एकच शब्द दहा वेळा बिघडला तर दहा निरनिराळ्या प्रकारे बिघडू शकतो. खरे शब्द परत परत येतात आणि वक्राला वाकवतात. चुका तशा फारशा परत येत नाहीत, म्हणून त्यांचा वक्र सरळ रेषेच्या जवळ राहतो.

`b` ०.८ धरला तर १०० कोटी टोकनांवर ओसीआरचे वेगळे शब्द ५४ लाखांच्या `5^0.8`, म्हणजे साडेतीन पटींहून थोडे जास्त, सुमारे एक कोटी ९६ लाख होतात. दोन्ही भागांत सामायिक असलेले वजा करून संपूर्ण डिक्शनरी अंदाजे २.२ कोटींची. १ जीबीची जागा आणि २.२ जीबीची गरज.

गंमत म्हणजे हा आकडा त्रैराशिकवाल्यांच्या अडीच कोटींच्या जवळ जातो. त्यात त्यांचं श्रेय काहीच नाही, पण बैठकीत ते ऐकवलं गेलंच.

## पर्याय

पर्याय तोलण्याआधी टीमने एक गोष्ट फळ्यावर लिहिली, आणि माझ्या मते तिथेच निम्मं काम झालं. झिफच्या यादीची दोन टोकं इंडेक्सच्या दोन वेगळ्या भागांवर भार टाकतात. वरचं टोक, म्हणजे मूठभर अतिसामान्य शब्द, पोस्टिंग फुगवतं. खालचं टोक, म्हणजे लाखो दुर्मीळ शब्द, डिक्शनरी फुगवतं. एका टोकाला लावलेलं औषध दुसऱ्या टोकाला लागू पडत नाही.

या नजरेने अतिसामान्य शब्द वगळण्याचा प्रस्ताव पाहा. झिफच्या हिशोबाने वरचे ३० शब्द एकूण टोकनांच्या साधारण पाव हिस्सा व्यापतात. लिखित मजकुरात हा वाटा ३० टक्क्यांपर्यंतही दिसतो. जागेसह पोस्टिंग ठेवणाऱ्या इंडेक्समध्ये ते वगळले तर डिस्कवर खरोखर मोठी बचत होते, जरी नोंदींच्या संख्येइतकी नसली तरी. कारण दाट यादीत शेजारच्या दोन नोंदींमधलं अंतर लहान असतं आणि ते एका बाइटमध्ये किंवा त्याहून कमी जागेत मावतं. डिक्शनरीतून मात्र ८६ लाखांपैकी ३० नोंदी कमी होतात. शिवाय अवतरणातला वाक्प्रचार शोधणाऱ्याचं नुकसान होतं ते वेगळं. प्रस्ताव तिथेच संपला.

एकदाच आलेले सगळे शब्द टाकून देण्याचा विचार त्याच्या नेमका उलट टोकाचा. ८६ लाखांपैकी सुमारे ६१ लाख शब्द एकदाच आलेले होते. ते गेले तर डिक्शनरी एका फटक्यात एक तृतीयांशाहूनही कमी उरते, आणि पोस्टिंगमधून जातात ३२० कोटींपैकी ६१ लाख नोंदी, म्हणजे एका टक्क्याच्या पाचव्या भागाइतक्या. आकड्यांकडे पाहून हा मोह फार मोठा असतो. पण टाइप केलेल्या भागातला एकदाच आलेला शब्द अनेकदा एखाद्या व्यक्तीचं आडनाव असतो किंवा फाइलचा क्रमांक, आणि संग्रहात शोध घेणारा माणूस नेमकं तेच शोधायला आलेला असतो. जो शब्द एकाच दस्तऐवजात आहे, तो शोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. संग्रहभर सरसकट कात्री लावायला अभिलेखागाराच्या लोकांनी साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता.

संग्रह आठ यंत्रांवर वाटायचा, म्हणजे प्रत्येकावर आठवा हिस्सा डिक्शनरी, असंही सुचवलं गेलं. इथे हीप्सचा नियम आडवा येतो. दस्तऐवज आठ ठिकाणी वाटले तर टोकनं आठवा हिस्सा होतात, पण टाइप केलेल्या मजकुराचे शब्द `8^0.55`, म्हणजे जेमतेम ३.१ पटीने कमी होतात. आठही यंत्रांवरच्या डिक्शनरींची बेरीज मूळच्या अडीच पट भरते, कारण सामान्य आणि मध्यम शब्द प्रत्येक यंत्रावर पुन्हा ठेवावे लागतात. विचित्र गोष्ट अशी की ओसीआरचा कचरा याहून छान वाटला जातो, कारण एकदाच आलेला शब्द एकाच यंत्रावर जातो. म्हणजे नको असलेल्या गोष्टीला वाटणीचा फायदा मिळणार होता आणि हव्या असलेल्या शब्दांना भुर्दंड. वेगासाठी वाटणी पुढे कधीतरी करावी लागेल, पण जागेच्या दुखण्यावर ती उपाय नाही, असं ठरलं.

रॅम दुप्पट-तिप्पट करणं शक्य होतं. पण मग प्रत्येक नव्या स्कॅनिंगच्या गठ्ठ्याबरोबर तोच प्रश्न परत आला असता.

उरले दोन. एक, हॅश टेबल सोडून डिक्शनरी दाबून ठेवणे: शब्द वर्णक्रमाने लावायचे, छोट्या गटांत बांधायचे, आणि गटातल्या प्रत्येक शब्दाचा आधीच्या शब्दाशी समान असलेला सुरुवातीचा भाग परत लिहायचा नाही. आरसीव्ही१ च्या चार लाख शब्दांची साधी, ठरावीक रुंदीची यादी ११.२ एमबीची होते आणि अशा पद्धतीने ती ५.९ एमबीवर येते. इथे तर सुरुवातच १०० बाइटच्या हॅश टेबलपासून होती, त्यामुळे वाव जास्त होता. दोन, ओसीआरमधून आलेल्या शब्दांसाठी वेगळा प्रवेशनियम.

## निर्णय आणि कृती

टीमने हे दोन्ही उपाय एकत्र घेतले. प्रवेशनियम असा ठरला: ओसीआरमधला शब्द टाइप केलेल्या भागाच्या डिक्शनरीत आधीच असेल तर तो थेट मुख्य डिक्शनरीत. नसेल, तर तो ओसीआरच्या किमान तीन वेगवेगळ्या दस्तऐवजांत आला असला पाहिजे. बाकी सगळे शब्द दुय्यम डिक्शनरीत, डिस्कवर. शोधाचा शब्द मुख्य डिक्शनरीत सापडला नाही तरच दुय्यम डिक्शनरी उघडायची. अशा रीतीने कोणताही शब्द फेकला गेला नाही. दुर्मीळ शब्दाच्या शोधाला डिस्कची एक फेरी जास्त, एवढीच किंमत.

तीनच का, यावर वाद झाला. इथे पुन्हा `b` कामी आला. वाढ हीप्सच्या नियमाने होत असेल तर एकदाच येणाऱ्या शब्दांचा वाटा `b` आणि दोनदा येणाऱ्यांचा `b * (1 - b) / 2`. टाइप केलेल्या भागात नसलेल्या ओसीआर-शब्दांचा `b` सुमारे ०.८५ होता. म्हणजे ८५ टक्के एकदाच, ६ टक्क्यांहून थोडे जास्त दोनदा, आणि तीन किंवा अधिक वेळा येणारे उरले ९ टक्क्यांपेक्षा किंचित कमी. उंबरठा दोनवर ठेवला असता तर मुख्य डिक्शनरीत येणारे नवे शब्द तीनच्या तुलनेत दीडपटीहून जास्त झाले असते. चारवर नेला असता तर फारशी जास्त बचत नव्हती. मोठा वाटा पहिल्याच पायरीवर गळून गेलेला होता. या हिशोबात शब्द किती वेळा आला ते मोजलं आहे, प्रवेशनियमात दस्तऐवज मोजले आहेत. हा फरक मुद्दाम ठेवला होता. एकाच पानावर एकच चूक चार वेळा झाली तर तिला चार साक्षीदार मिळाले असं म्हणता येत नाही.

अंमलबजावणीत एक कटकट निघाली. शब्द तिसऱ्या दस्तऐवजात दिसेपर्यंत तो आत घ्यायचा की नाही हे कळत नाही. मजकूर दोनदा वाचण्याऐवजी टीमने आधी सगळे ओसीआर-शब्द दुय्यम डिक्शनरीत घेतले आणि इंडेक्सचे तुकडे एकत्र करण्याच्या टप्प्यावर, जेव्हा यादी तशीही वर्णक्रमाने चाळली जाते, तेव्हा उंबरठा ओलांडलेले शब्द वर चढवले.

## परिणाम

१०० कोटी टोकनं पूर्ण चढल्यावर मुख्य डिक्शनरीत सुमारे ५७ लाख शब्द होते आणि दुय्यममध्ये एक कोटी ६० लाखांच्या आसपास. दोन्हींची बेरीज २.२ कोटींच्या अंदाजाच्या अगदी जवळ आली. मुख्य डिक्शनरी दाबून ठेवल्यावर एका नोंदीला २५ बाइटच्या आसपास लागू लागले, म्हणजे एकूण दीडशे एमबीपेक्षा कमी. १ जीबीची जागा आता मोठी वाटू लागली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सुरुवातीची अक्षरं देऊन शोधणाऱ्यांना, म्हणजे शेवटी तारांकन लावणाऱ्यांना, दुय्यम डिक्शनरी दिसत नव्हती. तिथे दुर्मीळ नावं सुटू लागली, आणि ही तक्रार वाचकांकडूनच आली. शिवाय ओसीआरच्या काही चुका ठरावीक साच्याच्या असतात: एखाद्या टायपात 'ध' चा 'घ' किंवा 'भ' चा 'म' होत असेल तर तो दर वेळी तसाच होतो. अशी चूक शेकडो दस्तऐवजांत सापडते आणि उंबरठा सहज ओलांडते. मुख्य डिक्शनरीत आलेल्या पंधरा-सोळा लाख नव्या शब्दांत त्यांचा वाटा लक्षणीय होता. वारंवारतेची चाळणी विखुरलेल्या चुका अडवते, शिस्तीत होणाऱ्या चुका नाही. त्यासाठी अक्षरांच्या गोंधळाची यादी करून शोधाच्या वेळी पर्यायी रूपं तपासण्याचं काम स्वतंत्रपणे हाती घेतलं गेलं.

## वेगळं काय करता आलं असतं

हीप्सचं सूत्र इथे चुकलं नव्हतं. टाइप केलेल्या भागासाठी ते एका टक्क्याच्या आत बरोबर आलं. चूक नमुन्यात होती. १० कोटी टोकनांचा नमुना संपूर्णपणे टाइप केलेल्या मजकुराचा होता, कारण तो आधी तयार होता. दस्तऐवज यादृच्छिक क्रमाने लावून वक्र काढला होता हे खरं, पण जो स्रोत टोपलीतच नव्हता तो क्रम बदलल्याने आत कसा येणार?

नंतर टीमने मागे जाऊन पाहिलं की किती लहान नमुना पुरला असता. ओसीआरच्या दहा लाख टोकनांतच सुमारे एक लाख वेगळे शब्द निघाले. तेवढ्याच टाइप केलेल्या मजकुरात ५० हजार. दहा लाख टोकनं म्हणजे संग्रहाचा चार हजारावा भाग. काही तासांच्या कामात `k`, `b` आणि एकदाच आलेल्या शब्दांचा वाटा प्रत्येक स्रोतासाठी वेगळा मिळाला असता, आणि डिक्शनरीची रचना खरेदीच्या आधीच बदलली असती.

दुसरा मुद्दा रेषा बसवण्याचा. लॉग आलेखावर बहुतेक कोणतीही वाढ सरळ दिसते, आणि शब्दवाढीचे बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात; प्रत्येक बिंदूत आधीचा संपूर्ण मजकूर असतो. त्यामुळे रेषा उत्तम बसली या गोष्टीला पुरावा म्हणून फारसं वजन नाही. `b` दोन मार्गांनी काढावा, एकदा वक्राच्या शेवटच्या दहापटीतल्या उतारावरून आणि एकदा एकदाच आलेल्या शब्दांच्या वाट्यावरून. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर नमुना मिश्र आहे किंवा क्रमात काही गडबड आहे. काम थांबवून तपासायला हे एकच लक्षण पुरेसं आहे. एकत्रित ८६ लाखांच्या डिक्शनरीत हा वाटा ७१ टक्के दिसत होता आणि आधी बसवलेला `b` ०.५५ सांगत होता. ही तफावत ओसीआरची पहिली दोन कोटी टोकनं चढली तेव्हाच उमटू लागली असणार. ती पाहायला कुणी नेमलेलं नव्हतं.

आता प्रत्येक गठ्ठा चढवल्यावर त्या गठ्ठ्यापुरतीच टोकनं, वेगळे शब्द आणि एकदाच आलेले शब्द अशी तीन आकड्यांची ओळ नोंदवली जाते. वाटा ६५ टक्क्यांवर गेला की गठ्ठा आपोआप दुय्यम डिक्शनरीच्या रांगेत जातो. ६५ हा आकडा दोन्ही स्रोतांच्या मधला म्हणून निवडला आहे. हस्तलिखितांचं वाचन सुरू झालं की तो पुन्हा तपासावा लागेल, कारण तिथे `b` ०.८ च्याही वर जाण्याची चिन्हं आहेत आणि प्रामाणिक, पण अनियमित शुद्धलेखनाचा मजकूर ६५ च्या आसपास येऊन पोचतो.